भाच्याचं ऑफर लेटर आणि त्याचं मराठी

भाच्याला चाकणच्या एका कारखान्याचं ऑफर लेटर मिळालं ते 2024 च्या मे महिन्यात. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, पहिलीच पक्की नोकरी. मुलाखतीनंतर पत्र त्याच्या हातात छापील दिलं, ईमेलनं आलं नाही. सगळं इंग्रजीत, आणि शेवटी अट अशी की सात दिवसांत सही करून परत दिलं नाही तर ऑफर रद्द समजावी. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, कोरेगाव तालुक्यात शेती करतात. त्यांचं म्हणणं एकच होतं: पोरगं ज्यावर सही करणार तो कागद मला मराठीत वाचायचाय, कुणी तोंडी सांगितलेलं नको. म्हणून भाच्यानं पत्राचे फोटो काढले, फोनमधल्या अॅपनं त्या फोटोंवरच मराठी उमटवून घेतलं आणि ते स्क्रीनशॉट वडिलांना पाठवले.

ते वाचून दाजींनी मला फोन केला. मी साताऱ्यात भाषांतराचं काम करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, कोर्टाचे आदेश, असलेच कागद रोज हातात असतात. दाजींनी एक ओळ वाचून दाखवली. "पुष्टी झाल्यावर नव्वद दिवसांची सूचना, असं लिहिलंय. म्हणजे ह्यानं होकाराची पुष्टी दिली की तिथूनच नव्वद दिवस बांधला गेला का?"

शंका अगदी रास्त होती. मूळ पत्रात तिथे 'कन्फर्मेशन' होतं, म्हणजे प्रोबेशन संपवून नोकरीत कायम करणं. अॅपनं त्याची पुष्टी केली, आणि दाजींनी पुष्टीचा जो अर्थ कुणीही लावील तोच लावला. एका शब्दानं 90 दिवसांची अट सहा महिने ते वर्षभर अलीकडे ओढली गेली होती. मी त्यांना म्हटलं, हे स्क्रीनशॉट बाजूला ठेवा, मी अख्ख्या पत्राचं मराठी करून देते. भाच्याला म्हटलं, मूळ फोटो पाठव.

त्यानं तीन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत कलम 1 ते 4, दुसऱ्यात थेट कलम 9. तळाला बारीक अक्षरात 'पान 1/5', 'पान 3/5', 'पान 5/5' असं होतं. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला, आणि मागच्या बाजूचे फोटोच निघाले नव्हते. बोनसची सगळी कलमं त्या न काढलेल्या दुसऱ्या पानावर होती. अॅप समोर दिसेल त्याचं भाषांतर करतं. काय दिसत नाही ते सांगत नाही. त्यामुळे फोटोवरून काम करताना मी आधी पानांचे आकडे लावते, मग कलमांचे, आणि मग मजकुरात 'परिशिष्ट अ पाहा' असं जिथे जिथे असेल तिथे ते परिशिष्ट खरंच समोर आहे का ते पाहते.

फोटो पुन्हा काढायला सांगितले ते असे: दिवसा, खिडकीजवळ, कागद टेबलावर सपाट ठेवून, फोन बरोबर वरून धरून, चारही कोपरे दिसतील असे. फ्लॅश नको, त्यानं शाईवर चकाकी येते. पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जातात आणि बारीक अक्षर पुसट होतं. पगाराच्या तक्त्यात 1 आणि 7, 3 आणि 8 यांचा घोळ तिथेच होतो. परिशिष्टातल्या एका आकड्यावर कंपनीचा गोल शिक्का आला होता, म्हणून तेवढ्या भागाचा जवळून वेगळा फोटो घेतला.

मग मी एक काम केलं जे लोकांना उगाच वाढवलेलं वाटतं: आधी इंग्रजी मजकूर जसाच्या तसा टंकून काढला, ओळीला ओळ नाही तर वाक्याला वाक्य. फोटोवर भाषांतर उमटवणारं अॅप बरेचदा छापील ओळी धरून चालतं आणि करारातलं वाक्य चार चार ओळींचं असतं. वर्षाच्या बोनसच्या कलमात 'अप' हा शब्द एका ओळीच्या शेवटी होता आणि 'टू 36,000' पुढच्या ओळीत. दाजींनी दुसऱ्या पानावर अॅप चालवलं तेव्हा तिथे 'वर' आणि 'ते 36,000 रुपये' असं काहीतरी आलं. 'पर्यंत' कुठेच नव्हतं. ते नसलं की कमाल मर्यादा ठरलेल्या रकमेसारखी वाचली जाते.

इंग्रजी मजकूर सलग लिहून झाल्यावर शब्द ठरवून घेतले. 'प्रोबेशन'ला शासकीय मराठीत परिवीक्षा म्हणतात, 'नोटीस'ला पूर्वसूचना. दाजींना हे शब्द जड जातील म्हणून पहिल्याच पानावर, मजकुराच्या आधी, लिहून ठेवलं: परिवीक्षा म्हणजे ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो तो काळ, पूर्वसूचना म्हणजे नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची आगाऊ नोटीस. एकदा ठरलं की पूर्ण पत्रात तोच शब्द. एका कलमात वेतन, दुसऱ्यात पगार, तिसऱ्यात मोबदला असं केलं तर वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मूळात खरोखर वेगळे शब्द असतील तर मराठीतही वेगळेच हवेत. ह्या पत्रात 'ग्रॉस सॅलरी' परिशिष्टात होती आणि कलम 4 मध्ये नुसती 'सॅलरी'. तो फरक मी मुद्दाम तसाच ठेवला, त्याचं कारण पुढे येतंच.

प्रोबेशनचं कलम तीन वाक्यांचं होतं. त्याचं मराठी मी असं केलं: "रुजू झाल्याच्या दिनांकापासून सहा महिने आपण परिवीक्षेवर असाल. कंपनीला हा कालावधी केवळ स्वविवेकाने आणखी जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंत वाढवता येईल. कंपनीने आपणास सेवेत कायम केल्याचे लेखी कळवले नसेल तोपर्यंत आपण परिवीक्षेवरच असल्याचे मानण्यात येईल."

अॅपनं शेवटच्या वाक्याचं 'लेखी पुष्टी झाल्याशिवाय तुम्ही प्रोबेशनवर राहाल' असं केलं होतं. ऐकायला सारखंच वाटतं. पण 'राहाल' हे पुढे काय होईल त्याचं वर्णन झालं. 'मानण्यात येईल' हा करार आहे: प्रत्यक्षात कुणी काहीही समजत असलं, साहेब तोंडानं 'तू आता पर्मनंट' म्हणाले असले, तरी कागदावर दोन्ही बाजू त्याला प्रोबेशनवरच धरणार. कायद्याच्या मराठीत 'मानण्यात येईल' याच कामासाठी वापरतात, म्हणून ते सोपं करायच्या नादात मी काढत नाही.

ह्या कलमातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. दुसरं वाक्य एक कमाल मर्यादा घालतं, सहा आणि सहा मिळून बारा महिने. तिसरं वाक्य म्हणतं, लेखी मिळेपर्यंत प्रोबेशन. मग बारा महिने उलटले आणि पत्र मिळालंच नाही तर? सरकारी नोकरीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयानं 1968 साली पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या खटल्यात असं धरलं की नियमात प्रोबेशनची कमाल मुदत ठरलेली असेल आणि ती उलटूनही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर त्याला कायम केलं असंच समजायचं. पण पुढे 2001 साली सत्य नारायण झवर यांच्या प्रकरणात न्यायालयानं वेगवेगळ्या प्रकारांची विभागणी केली, आणि जिथे कायम करण्यासाठी वेगळी कृती किंवा आदेश लागतो असं नियमातच आहे तिथे मुदत उलटल्यानं आपोआप कायम होत नाही, हेही सांगितलं. भाच्याच्या पत्रात दोन्ही प्रकारची वाक्यं शेजारी शेजारी होती. खासगी कंपनीच्या पत्राला हे निकाल जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण वाद झाला तर वकील दोन्ही बाजूंनी हेच बोट ठेवतील. भाषांतरात मी दोनपैकी एक अर्थ निवडून वाक्य गोड केलं असतं, तर दाजींना ही फट दिसलीच नसती. मूळ जिथे संदिग्ध आहे तिथे मराठीही तेवढंच संदिग्ध ठेवायचं आणि समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करायचं, अशी माझी पद्धत आहे.

नोटिशीचं कलम असं झालं: "परिवीक्षेच्या काळात कोणत्याही पक्षास 15 (पंधरा) दिवसांची पूर्वसूचना किंवा तिच्या बदल्यात वेतन देऊन नोकरी संपुष्टात आणता येईल. सेवेत कायम केल्यानंतर पूर्वसूचनेचा कालावधी 90 (नव्वद) दिवस राहील. मात्र कर्मचाऱ्याने पूर्वसूचनेच्या बदल्यात वेतन देऊ केल्यास ते स्वीकारावे किंवा कसे, हे कंपनी केवळ स्वविवेकाने ठरवील."

आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही ठेवला, कारण मूळात तसा आहे, आणि फोटोतला अंक चुकीचा वाचला गेला असेल तर अक्षरातल्या आकड्याशी ताडून कळतं. नव्वद दिवसांचं मी तीन महिने केलं नाही. 1 जूनपासून मोजले तर नव्वद दिवस 29 ऑगस्टला भरतात आणि तीन महिने 31 ऑगस्टला. नव्या नोकरीत रुजू व्हायची तारीख जवळ असेल तेव्हा ते दोन दिवस नडतात.

पण ह्या कलमाचा जीव तिसऱ्या वाक्यात आहे. पहिल्या वाक्यात 'कोणत्याही पक्षास' म्हटल्यानं दोघं बरोबरीत दिसतात. तिसरं वाक्य ती बरोबरी काढून घेतं: कंपनी पैसे देऊन त्याच दिवशी घरी पाठवू शकते, पोरगं मात्र पैसे भरून त्याच दिवशी सुटू शकत नाही, कंपनीनं ते पैसे घ्यायचं मान्य केलं तरच. अॅपच्या मराठीत 'कंपनी नोटीसऐवजी वेतन स्वीकारू शकते' असं आलं होतं. व्याकरण ठीक आहे, शब्द ठीक आहेत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पैसे भरायची सोय आहे. 'शकते' मध्ये नाकारण्याचा अधिकार लपून गेला. म्हणून 'स्वीकारावे किंवा कसे' हे मला लिहावंसं वाटलं. त्याच कलमाच्या शेपटाला कामावरून मुक्त करण्याबद्दल, आपण ज्याला रिलीव्ह करणं म्हणतो त्याबद्दल, एक वाक्य होतं. त्याचं अॅपनं 'सेवेतून आराम' केलं होतं. असली चूक निदान दिसते तरी. घातक त्या ज्या वाचताना खटकत नाहीत.

आता 'वेतन' म्हणजे कोणतं? परिशिष्ट अ मध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,500, घरभाडे भत्ता 5,800, विशेष भत्ता 3,700, एकूण 24,000 रुपये महिना. कलम 4 मध्ये नुसतं 'सॅलरी'. कायम झाल्यावर नव्वद दिवसांच्या बदल्यात पैसे भरायची वेळ आली तर एकूण पगार धरून साधारण 72,000 होतात, मूळ आणि महागाई धरून 43,500. साडेअठ्ठावीस हजारांचा फरक एका न सांगितलेल्या शब्दात. मी मराठीत 'एकूण वेतन' असं लिहून मोकळी झाले नाही, कारण पत्र तसं म्हणत नव्हतं. तिथे दुसरं प्रश्नचिन्ह केलं.

बोनसच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ दिला. 'बोनस' ह्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या रकमा होत्या आणि तिघींची कायद्यातली ताकद वेगळी.

पहिली जॉइनिंग बोनसची, 20,000 रुपये, पहिल्या पगाराबरोबर. पुढे लिहिलं होतं की रुजू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत 'कोणत्याही कारणाने' नोकरी संपुष्टात आल्यास संपूर्ण रक्कम वसूल केली जाईल. अॅपनं 'पुनर्प्राप्त करण्यायोग्य' असं केलं होतं, ज्यातून कोण कुणाकडून परत घेणार तेच कळत नव्हतं. मराठीत कर्ता स्पष्ट लिहायचा होता, म्हणून मूळ वाक्यात कर्ता कोण हे आधी शोधलं: कंपनी, कर्मचाऱ्याकडून, शेवटच्या हिशेबातून. 'संपूर्ण' ठेवलं, कारण अकराव्या महिन्यात सोडली तरी वीसच्या वीस हजार. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात नाही. आणि 'कोणत्याही कारणाने' ठेवलं, कारण त्यात कंपनीनं स्वतःहून काढलं तरी पोरानंच पैसे भरायचे असा अर्थ निघत होता. दाजी हे वाचून म्हणाले, "त्यांनी काढायचं आणि आम्ही भरायचं?" तिसरं प्रश्नचिन्ह.

दुसरी कलम 7 (अ) मधली, कायद्यानं द्यावाच लागतो तो बोनस. त्या वेळी बोनस प्रदान अधिनियम, 1965 लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून बोनसच्या तरतुदी वेतन संहितेत गेल्या. 1965 च्या कायद्याप्रमाणे ज्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता महिना 21,000 पर्यंत असे आणि ज्यानं वर्षात निदान तीस दिवस काम केलेलं असे, त्याला किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के बोनस मिळायचा. हिशेबासाठी 7,000 रुपये किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते धरायचं. परिशिष्टात महिना 583 रुपये दाखवले होते. 7,000 चे 8.33 टक्के केले की बरोबर 583 येतात. म्हणजे हिशेब 7,000 वरच थांबवला होता, आणि महाराष्ट्रात कारखान्यांतलं किमान वेतन तेव्हा त्याहून बरंच वर गेलेलं होतं. समजा ते 13,000 धरलं, तर हाच आकडा 1,083 होतो. भाषांतर करणाऱ्यानं आकडा दुरुस्त करायचा नसतो. 583 तसेच ठेवले आणि चौथं प्रश्नचिन्ह केलं.

तिसरी कलम 7 (ब) मधली, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, वर्षाला 36,000 पर्यंत. इथे इंग्रजीत 'एलिजिबल' होतं. त्याला 'पात्र' म्हणायचं. 'मिळेल' नाही, 'हक्क राहील' तर नाहीच. पात्र म्हणजे विचारात घेतलं जाईल. मिळेलच असं नाही. पुढे 'व्यवस्थापनाच्या स्वविवेकानुसार' होतंच. भाच्यानं घरी 'वर्षाला 3,60,240 चं पॅकेज' असं सांगितलं होतं, आणि परिशिष्टाच्या तळाला खरंच तो आकडा होता. मी दाजींना बेरीज उलगडून दाखवली: महिन्याचे 24,000, कंपनीचा भविष्य निर्वाह निधी 1,740, ग्रॅच्युइटीची तरतूद 697, बोनस 583, असे महिना 27,020; वर्षाचे 3,24,240. त्यात हे 'पर्यंत' वाले 36,000 पूर्णच्या पूर्ण मिळवले की 3,60,240. मिळेलच असं नाही अशी रक्कम बेरजेत ठाम होऊन बसली होती. परिशिष्टात त्या आकड्यावर एक तारांकन होतं आणि तळटीप 'कमाल मर्यादा' म्हणत होती. अॅपच्या स्क्रीनशॉटमध्ये तारांकन गायब होतं. मी ते मराठी तक्त्यातही ठेवलं आणि तळटीप त्याच पानावर खाली लिहिली.

आणि मग कलम 7 चं शेवटचं वाक्य: वरील रक्कम मिळण्यासाठी कर्मचारी वाटपाच्या दिवशी कंपनीच्या सेवेत असला पाहिजे आणि नोटीस पीरियड भरत असता कामा नये. अॅपनं केलं होतं, 'नोटीस बजावत नसल्यास'. नोटीस बजावणं म्हणजे दुसऱ्यावर नोटीस काढणं. आमच्या कोर्टाच्या मराठीत तर तो रोजचा शब्द. दाजींना वाटलं, कंपनीवर केस केली तर बोनस जाणार. प्रत्यक्षात अट वेगळीच आहे आणि ती जास्त वेळा लागू होते. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, वाटप जुलैअखेर. कुणी वर्षभर काम करून 20 मेला राजीनामा दिला, तर नव्वद दिवस ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतात, म्हणजे जुलैच्या वाटपाला तो नोटिशीवर असतो आणि मागच्या वर्षाची पूर्ण रक्कम जाते. मी लिहिलं: "वाटपाच्या दिनांकास कर्मचारी कंपनीच्या सेवेत असला पाहिजे आणि त्याने स्वतः अथवा कंपनीने दिलेल्या पूर्वसूचनेचा कालावधी चालू असता कामा नये." 'स्वतः अथवा कंपनीने' हे मूळ वाक्याच्या मांडणीतच होतं, मी घातलेलं नाही.

पण 'वरील रक्कम' म्हणजे फक्त (ब) की (अ) सुद्धा? कायद्यानं द्यायचा बोनस अशा अटीवर अडवता येत नाही. गंभीर गैरवर्तनासाठी, म्हणजे अफरातफर, हिंसक वागणूक, चोरी असल्या कारणांनी कामावरून काढलं तरच तो जातो. वाक्य मात्र दोन्हींच्या खाली, दोन्हींना लागू वाटेल असं बसलं होतं. भाषांतरात मी त्याची जागाही हलवली नाही. पाचवं प्रश्नचिन्ह.

मराठी प्रत तयार झाल्यावर तपासणी दोन तऱ्हांनी केली. माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंना फक्त मराठी दिलं आणि कलम 3, 4 आणि 7 चं इंग्रजी करायला सांगितलं. ते मूळाशी लावून पाहिलं. आणि दाजींना पत्र वाचू दिल्यावर प्रश्न विचारले. पाचव्या महिन्यात सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं? आठव्या महिन्यात, प्रोबेशन वाढवलेलं असताना? पंधरा, दोन्ही वेळा. आणि तेव्हा वीस हजारांचं काय? परत. सगळे? सगळे. कायम केलंय हे कशावरून धरायचं? पत्रावरून, तोंडी नाही. त्यांनी एकही उत्तर मला विचारून दिलं नाही, कागदात बोट घालून दिलं. माझ्या लेखी तीच खरी तपासणी.

प्रतीच्या माथ्यावर मी लिहिलं होतं की हे भाषांतर समजून घेण्यासाठी आहे, बंधनकारक मजकूर मूळ इंग्रजीच. सही इंग्रजीवर होणार, त्यामुळे मराठीत कितीही नेमकं लिहिलं तरी इंग्रजीतली फट मराठीनं बुजत नाही. ती इंग्रजीतच बुजवून घ्यावी लागते. भाच्यानं एचआरला ईमेल केला, पाच प्रश्न, प्रत्येकाला कलम क्रमांक, आणि उत्तर येईपर्यंत सात दिवसांची मुदत वाढवून मागितली. मुदत लेखी वाढवून मिळाली. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन आला, बोलणं चांगलं होतं, सगळ्यांची उत्तरं तोंडी दिली आणि म्हणाल्या, ईमेलवर पण टाकते.

भाचा खूश झाला. मी त्याला कलम 13 वाचायला लावलं. त्यात म्हटलं होतं की हे पत्र म्हणजेच उभय पक्षांतला संपूर्ण करार असून याआधीची सर्व तोंडी व लेखी बोलणी त्यामुळे रद्दबातल ठरतात. म्हणजे आज आलेला ईमेल, उद्या पत्रावर सही केली की 'याआधीच्या बोलण्यात' जमा. ईमेल जपून ठेवायचा तो ठेवावाच, पण बदल पत्रातच हवा, सुधारित तारखेसह. ही विनंती करताना पोराला संकोच वाटत होता, पहिली नोकरी, कशाला नाराज करायचं म्हणून. मी म्हटलं, तू काही जास्त मागत नाहीस, त्यांनी स्वतः ईमेलमध्ये लिहिलेलंच त्यांच्या पत्रात मागतोयस.

चार दिवसांनी सुधारित पत्र आलं. कलम 4 मध्ये 'वेतन' म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, दोन्ही पक्षांसाठी, असं घातलं होतं. जॉइनिंग बोनसच्या वसुलीत 'कोणत्याही कारणाने' जाऊन 'राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनाबद्दल काढल्यास' आलं. संपूर्ण रक्कम मात्र तशीच राहिली. कलम 7 च्या शेवटच्या वाक्यात 'वरील'च्या जागी '7 (ब) मधील' आलं. 583 चा आकडा त्यांनी बदलला नाही, त्याखाली 'प्रत्यक्ष देय रक्कम कायद्याप्रमाणे' अशी ओळ घातली, आणि ती पुरेशी होती, कारण कायदा किमान वेतनाकडे बोट दाखवतोच.

प्रोबेशनच्या कलमाला त्यांनी हात लावला नाही. बारा महिने उलटल्यावर काय, ह्या प्रश्नाला ईमेलमध्ये 'साधारणपणे वेळेत पत्र दिले जाते' एवढंच उत्तर होतं. नव्वद दिवस आणि पैसे स्वीकारायचा कंपनीचा अधिकार, हेही जसंच्या तसं राहिलं. दाजींनी सुधारित पत्राची मराठी प्रत पुन्हा वाचली, बदललेल्या ओळींखाली मी रेघा मारल्या होत्या. ती वाचून त्यांनी भाच्याला सांगितलं की प्रोबेशन बारा महिन्यांपलीकडे गेलं तर त्याच आठवड्यात कायम केल्याचं पत्र लेखी मागायचं, आणि मागितल्याची पोच ठेवायची. भाच्यानं रुजू होण्याच्या तारखेपासून सहा आणि बारा महिने मोजून दोन तारखा फोनमध्ये घातल्या आणि पाचही पानांवर, मागच्या बाजूंसह, सह्या केल्या.